आईच्या शाळेच्या उताऱ्यावर जन्मतारीख ‘12 तीर 1347 फ’ अशी आहे, वय कसं काढायचं?

पाऊलवाट (11 जानेवारी 2026, रात्री 9:40)

नमस्कार मंडळी. आईच्या वयाचा प्रश्न आहे आणि मला तो नीट, कागदावर टिकेल असा सोडवायचा आहे.

आईचं माहेर अंबाजोगाईचं. तिच्या लहानपणी गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि राज्य निजामाचं. आईच्या आधारवर जन्मतारीख 01/01/1943 आहे. आधार काढताना कुणाकडे कागद नव्हता, तेव्हा अंदाजाने वय सांगितलं आणि ती तारीख पडली. पण आई सांगते, "पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी चांगली दहा वर्षांची होते. रझाकार येणार म्हणून आजीने आमची दागिन्यांची डबी चुलीमागे पुरली, ती जागा मीच दाखवली होती तिला." पाच वर्षांच्या मुलीला हे एवढं आठवणार नाही.

वडील केंद्र सरकारी नोकरीत होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. वडिलांच्या पेन्शनच्या कागदात आईची जन्मतारीखच लिहिलेली नाही, म्हणून 80 आणि 85 वर्षांची वाढ आधारवरून धरली जाते. आधारप्रमाणे तिला 80 जानेवारी 2023 मध्ये पूर्ण झाली.

मागच्या महिन्यात मामेभाऊ आईच्या जुन्या कन्याशाळेत गेला. रजिस्टर उर्दूत आहे. तिथल्या बाईंनी खूप मदत केली, उतारा मराठीत लिहून सही-शिक्का दिला. त्यावर जन्मतारखेच्या रकान्यात फक्त एवढंच आहे: "12 तीर 1347 फ". बाई म्हणाल्या, रजिस्टरात जे आहे ते आम्ही उतरवतो, इंग्रजी तारीख करून देणं आमच्या हातात नाही.

हे 1347 म्हणजे इंग्रजी कितवं साल? आणि आईला आज किती वर्षं पूर्ण आहेत?

---

निळाढग (11 जानेवारी, रात्री 10:05)

तीर हा इराणी महिना आहे. मी कॅलेंडर बदलून देणाऱ्या एका साइटवर 12 तीर 1347 टाकलं, तर 3 जुलै 1968 आलं. पण म्हणजे तुमच्या आई 57 वर्षांच्या होतात, ते तर शक्यच नाही. उतारा लिहिताना साल चुकलं असेल का?

---

भीमाकाठ (11 जानेवारी, रात्री 10:22)

साल चुकलेलं नाही. ‘फ’ म्हणजे फसली. आमच्या सोलापूरकडे मोगलाई हद्दीच्या गावांची जुनी कागदपत्रं येतात, त्यात असतं. फसलीत 590 मिळवायचे, झालं काम. 1347 + 590 = 1937. आई 88 पूर्ण, एकोणनव्वदावं चालू.

---

गोदाताई (11 जानेवारी, रात्री 10:50)

माझ्या यजमानांच्या पत्रिकेवर शके 1862 आहे. त्यात 78 मिळवून आम्ही 1940 काढलं आणि पासपोर्टला तेच दिलं. तुम्हीही 78 मिळवून पाहा ना, सोपं आहे.

---

पाऊलवाट (11 जानेवारी, रात्री 11:02)

गोदाताई, 1347 मध्ये 78 मिळवले तर 1425 येतं, आई काही बहामनी काळातली नाही. हा शक नाही, फसली आहे.

भीमाकाठ, धन्यवाद. पण आई पोलीस ॲक्शनला दहाची होती म्हणते. 1937 धरलं तर ती अकरा पूर्ण असायला हवी. एका वर्षाचा फरक आठवणीत पडू शकतो, पण पेन्शनच्या बाबतीत मला एक महिनाही चुकीचा सांगायचा नाही.

---

जुनी_लिपी (12 जानेवारी, सकाळी 7:15)

मी मराठवाड्यात तीस वर्षं अभिलेखांच्या कामात काढली. पहाणीपत्रकं, शाळांची रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या, हे सगळं उर्दूतून वाचून दिलं आहे. सावकाश सांगतो, कारण यात घाई केली की बरोबर एक वर्षाची चूक होते.

भीमाकाठ यांचा आकडा निम्मा बरोबर आहे. हैदराबाद संस्थानचं फसली वर्ष साधारण 6 ऑक्टोबरला सुरू व्हायचं. पहिला महिना आजूर. मग दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवार, मेहेर आणि शेवटचा आबान. म्हणजे 1347 फसली हे 6 ऑक्टोबर 1937 ला लागलं आणि 5 ऑक्टोबर 1938 ला संपलं. वर्षाचा पहिला तुकडा 1937 मध्ये आणि उरलेला मोठा तुकडा 1938 मध्ये. आजूर, दै आणि बहुतेक सगळा बहमन डिसेंबर संपायच्या आत बसतात, त्यांना 590. इस्फंदारपासून आबानपर्यंत सगळ्यांना 591. बहमनचे अगदी शेवटचे दिवस जानेवारीत जातात, तिथे नुसत्या हिशोबावर जाऊ नये.

तीर हा आठवा महिना. ऑक्टोबरपासून मोजत गेलात की तीर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो. त्यामुळे 12 तीर 1347 म्हणजे 1347 + 591, 1938 चा मे, 18 च्या आगेमागे. महिन्यांचे दिवस सारखे नसत, म्हणून नेमका दिवस त्या काळच्या जंत्रीत पाहावा. जंत्रीत फसली, हिजरी आणि इसवी तारखा शेजारी शेजारी छापलेल्या असत.

निळाढग, तुमची साइट खोटी नाही. ती इराणचं आजचं कॅलेंडर वापरते. त्यांचं वर्ष 21 मार्चच्या सुमारास फरवर्दीनपासून लागतं आणि गणना वेगळी आहे. हैदराबादने महिन्यांची नावं तेवढी घेतली, ऋतू आणि साल आपले ठेवले. म्हणून इराणचा तीर जून-जुलैत येतो आणि आपला मे-जूनमध्ये. मराठवाड्याचा कागद त्या साइटवर कधीही टाकू नका.

वय: आज 12 जानेवारी 2026. 2026 वजा 1938, 88. पण मे अजून यायचा आहे, म्हणून 87 पूर्ण, अठ्ठ्याऐंशीवं चालू. पडताळा फसलीतच करून बघा. गेल्या 6 ऑक्टोबरपासून 1435 फसली धरायला हवं. 1435 वजा 1347, 88, आणि तीर अजून आलेला नाही, म्हणून 87. दोन्हीकडून तेच आलं.

---

भीमाकाठ (12 जानेवारी, सकाळी 8:30)

माझं चुकलं, मान्य. आमच्याकडे 590 तोंडपाठ आहे, महिना पाहायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं. एक विचारतो. इंटरनेटवर फसलीला 592 किंवा 593 मिळवा असंही लिहिलेलं दिसतं. ते कुठलं?

---

जुनी_लिपी (12 जानेवारी, सकाळी 9:10)

ते उत्तरेचं. अकबराने फसली सुरू केली ती हिजरी 963 धरून, म्हणजे इसवी 1556. तिथून ती सौर वर्षाने चालली. त्यामुळे तिकडे फरक 592-593 चा. दख्खनमध्ये शाहजहानच्या वेळी, 1636 मध्ये, त्या सालचा हिजरी आकडा 1046 उचलला आणि तिथून सौर मोजणी सुरू केली. 1636 वजा 1046, 590. हिजरी वर्ष दर वर्षी अकराएक दिवस लहान. मधल्या ऐंशी वर्षांत हिजरी आकडा अडीचएक वर्षांनी पुढे पळाला होता, तेवढा फरक दोन फसलींत कायमचा राहिला.

म्हणून उत्तर प्रदेश-बिहारच्या कागदाचं सूत्र मराठवाड्याला लावलं की माणूस दोन वर्षांनी लहान होतो.

---

कावेरीतीर (12 जानेवारी, दुपारी 1:20)

मी तंजावरची मराठी, आता चेन्नईत असते. आमच्याकडे जमाबंदीच्या कागदांवर अजूनही फसली लिहितात. सध्या फसली 1435 चालू आहे, तुमच्याशी जुळतं. पण आमचं वर्ष 1 जुलैला लागतं, ऑक्टोबरला नाही. मग पाऊलवाट यांच्या आईंचं साल बदलणार नाही का?

---

जुनी_लिपी (12 जानेवारी, दुपारी 3:05)

चांगला प्रश्न. मद्रास इलाख्याने वर्षारंभ 1 जुलैला आणला. त्यामुळे तुमची 1347 फसली 1 जुलै 1937 ते 30 जून 1938. पाऊलवाट यांच्या आईंचा तीर मेमध्ये आहे, तो दोन्ही हिशोबांत 1938 मध्येच पडतो. पण शहरेवार, मेहेर किंवा आबान असेल तर एक वर्षाचा फरक पडतो. हैदराबादी मेहेर 1347 म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर 1938. तुमचा जुलैचा नियम लावला तर तोच ऑगस्ट 1937 चा होईल. आकडा सारखा, वर्ष वेगळं. म्हणून कागद कुठल्या राज्याचा हे आधी, बेरीज नंतर.

---

परभणीकर (12 जानेवारी, संध्याकाळी 6:40)

हा धागा वाचून माझा जीव टांगणीला लागला आहे. आमच्या वडिलांच्या शाळेच्या नोंदीचं भाषांतर करून घेतलं, त्यात "9 मोहरम 1350" असं आलं. मोहरम हिजरीचा, म्हणून ज्याने भाषांतर केलं त्याने 1931 काढून दिलं. जात पडताळणीच्या फायलीत तेच लावलंय. पण मोठे काका 1938 चे आहेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि वडील त्यांच्याहून लहान. मग वडील 1931 चे कसे? आत्या म्हणते काकांचीच तारीख चुकीची असेल.

---

जुनी_लिपी (12 जानेवारी, संध्याकाळी 7:30)

परभणीकर, फोटो न बघता ठाम बोलणार नाही. पण ही चूक मी बऱ्याच वेळा पाहिली आहे. उर्दूत मेहेर आणि मोहरम दोन्ही मीमने सुरू होतात आणि रे दोन्हींत येतो. कारकुनी शिकस्ता अक्षरात घाईने लिहिलं की मधलं अक्षर कुठलं ते कळत नाही. मोहरमच्या शेवटी मात्र पुन्हा एक मीम असतो, त्याची शेपटी खाली उतरते. मेहेर रे वर संपतो. तुमच्या मूळ नोंदीत शब्दाच्या शेवटी ती शेपटी आहे का बघा.

दुसरं, आकड्यानंतरची खूण. फसलीला फे लिहितात, छोटा गोल आणि वर एक ठिपका. हिजरीला दोन डोळ्यांचा हे. इसवीला ऐन. ही खूण भाषांतरात बहुधा गळतेच.

मेहेर 1350 फसली असेल तर ऑगस्ट 1941. मोहरम 1350 हिजरी असेल तर मे-जून 1931. दहा वर्षांचं अंतर आहे, तेव्हा दुसरी नोंद जोडून पाहिली की उलगडेल. शाळेत दाखल झाल्याची तारीख त्याच ओळीत असते.

---

परभणीकर (12 जानेवारी, रात्री 8:15)

दाखल तारखेत 1357 आहे. महिना वाचता येत नाही.

---

जुनी_लिपी (12 जानेवारी, रात्री 8:40)

एकाच ओळीत दोन्ही तारखा एकाच सनाच्या असायला हव्यात. 1350 चा जन्म, 1357 ला दाखल, सहा-सात वर्षांचं मूल. शाळेत घालायचं वय तेच. जन्म हिजरी आणि दाखला फसली धरला तर 1931 चा मुलगा 1947-48 मध्ये, म्हणजे सोळा वर्षांचा होऊन पहिलीत बसला असा अर्थ होतो. दोन्ही हिजरी धरले तर दाखला 1938 चा होईल आणि वय तेव्हाही सहा-सातच. म्हणजे नुसत्या या हिशोबाने सुटत नाही. मूळ पानाचा फोटो हवा, आणि त्याच पानावरच्या शेजारच्या चार ओळी दिसायला हव्यात. पान सलग फसलीत असेल तर एकच ओळ हिजरीत असण्याचं कारण नाही.

---

परभणीकर (12 जानेवारी, रात्री 8:55)

फोटो नाही माझ्याकडे. शाळेत परत जावं लागेल. फायलीत लावलेल्या 1931 चं काय करायचं, हा विचार करून झोप लागणार नाही.

---

पाऊलवाट (13 जानेवारी, सकाळी 10:10)

जुनी_लिपी, तुमचं वाचून मामेभावाला पुन्हा शाळेत पाठवलं. मूळ पानाचा फोटो आला आणि आता नवीनच शंका. 1347 मधला शेवटचा आकडा मला नीट कळत नाही. इंग्रजी व्ही सारखा आहे, पण थोडा तिरका. उर्दूत 8 पण असाच असतो म्हणे?

---

जुनी_लिपी (13 जानेवारी, सकाळी 11:00)

उर्दू 7 म्हणजे व्ही, टोक खाली. 8 म्हणजे तोच उलटा, टोक वर. नीट लिहिलेले असतील तर गोंधळ होत नाही. पण एक पाय लांब, एक आखूड असा तिरपा काढला की दोन्ही सारखे दिसतात. त्याच कारकुनाचे दुसरे 7 आणि 8 त्याच पानावर शोधा, अनुक्रमांकाच्या रकान्यात हमखास सापडतील. 17, 18, 27, 28 बघा आणि तुमच्या आकड्याशी ताडून पाहा.

8 असेल तर साल 1348, म्हणजे मे 1939. मग आज 86 पूर्ण.

दाखल तारीख आणि दाखल होतानाचं वय काय आहे?

---

पाऊलवाट (13 जानेवारी, दुपारी 12:25)

दाखल अमरदाद 1354. हे स्पष्ट आहे, बाईंनीही तेच वाचलं. वयाच्या रकान्यात आकडा नाही, शब्द आहेत. बाईंनी वाचून सांगितलं, "सात साल".

---

जुनी_लिपी (13 जानेवारी, दुपारी 12:50)

हे फार मोलाचं आहे. अमरदाद म्हणजे जून-जुलै. 1354 + 591, 1945 चा जून. तीर 1347 चा जन्म असेल तर मुलगी नुकतीच सात पूर्ण होऊन महिना झालेला. 1348 असता तर सहा लिहिलं असतं. कारकून कधी कधी चालू वर्ष लिहीत, म्हणून याला अखेरचा पुरावा म्हणत नाही. पण कल 7 कडे आहे.

आई पोलीस ॲक्शनला दहाची होते म्हणाल्या ना? सप्टेंबर 1948, आबान 1357. तीर 1347 पासून दहा वर्षं चार महिने. त्यांची आठवण पक्की आहे.

---

गोदाताई (13 जानेवारी, दुपारी 4:30)

मघाशी मी प्रश्न समजून न घेता बोलले. पण पत्रिका हा शब्द काढलाच आहे तर विचारते, तुमच्या आईंची पत्रिका माहेरी आहे का? त्यावर शकाबरोबर संवत्सराचं नाव असतं. यजमानांच्या पत्रिकेवर "विक्रम नाम संवत्सरे" आहे. आकडा पुसला तरी नाव वाचता येतं.

---

जुनी_लिपी (13 जानेवारी, संध्याकाळी 5:15)

गोदाताई, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. संवत्सरं साठ आहेत, साठ वर्षांनी तेच नाव परत येतं. मे 1938 असेल तर शके 1860, नाव बहुधान्य. मे 1939 असेल तर शके 1861, प्रमाथी. ही नावं एकमेकांसारखी दिसत नाहीत, 7 आणि 8 सारखी फसवत नाहीत. आणि साठ वर्षं मागेपुढे म्हणजे 1878 किंवा 1998, ते तर प्रश्नातच नाही.

शकात 78 मिळवताना तीच काळजी घ्या जी फसलीत घेतली. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत 78. पुढे जानेवारी लागला की फाल्गुन संपेपर्यंत 79. तुमच्या यजमानांचा महिना पौष, माघ किंवा फाल्गुन असेल तर 1941 येईल.

---

गोदाताई (13 जानेवारी, संध्याकाळी 6:00)

श्रावणातला जन्म आहे. वाचले.

---

पाऊलवाट (17 जानेवारी, रात्री 9:05)

मोठ्या मामींच्या ट्रंकेत पत्रिका सापडली. लाल कापडात गुंडाळलेली, घडीच्या ठिकाणी कागद फाटला आहे आणि शकाचा शेवटचा आकडा नेमका घडीत गेला आहे. पण त्याच ओळीत पुढे स्वच्छ अक्षरात "बहुधान्य नाम संवत्सरे उत्तरायणे वैशाख मासे कृष्णपक्षे चतुर्थ्यां सौम्यवासरे" असं आहे. मी ते वाचलं तेव्हा आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "अगं, माझे वडील हे रोज म्हणायचे, मला पाठ होतं, विसरले."

सौम्यवासर म्हणजे बुधवार ना?

---

जुनी_लिपी (17 जानेवारी, रात्री 9:50)

हो, बुधवार. आणि 18 मे 1938 हा बुधवारच होता. त्या महिन्यात पौर्णिमा 14 मेची, तिथून वैशाख वद्य चतुर्थी 18 ला येते. शाळेतली 12 तीरही 18 च्या आगेमागेच पडत होती. दोन वेगळ्या माणसांनी, दोन वेगळ्या कालगणनांत लिहिलेल्या नोंदी एकाच दिवसावर आल्या. 7 की 8 हा प्रश्न माझ्या दृष्टीने मिटला.

तरी अर्जात "18 मे 1938" असं लिहिताना जंत्रीचं पान सोबत जोडता आलं तर जोडा. छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारात चौकशी करा. पत्रिका हा सरकारी पुरावा मानला जाईलच असं नाही, शाळेची नोंद मुख्य राहील. पत्रिका फक्त तुमच्या मनाच्या खात्रीसाठी धरा.

---

वडाचीपार (18 जानेवारी, सकाळी 9:20)

मी केंद्राच्या पेन्शन कामात होतो, निवृत्त झालो. पाऊलवाट, वाढ कधीपासून ते लिहून ठेवा. 80 झाल्यावर मूळ कुटुंब निवृत्तिवेतनाच्या 20 टक्के, 85 झाल्यावर 30 टक्के, 90 झाल्यावर 40 टक्के. वाढ वाढदिवसापासून नाही, ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या 1 तारखेपासून. 18 मे 1938 धरलं तर 80 ची वाढ 1 मे 2018 पासून आणि 85 ची 1 मे 2023 पासून. त्यामुळे 17 मे की 18 मे यावर तुमचा रुपयाही हलत नाही, पण 1937 की 1938 यावर बारा महिने हलतात. आधी 590 धरून 1937 लिहिलं असतं आणि नंतर चूक निघाली असती, तर जास्तीची रक्कम वसूल झाली असती.

आधारची तारीख बदलायला घाई करू नका. जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते. कागद पक्के झाल्यावर एकदाच करा.

---

पाऊलवाट (18 जानेवारी, सकाळी 10:00)

म्हणजे आधी आधार की आधी पेन्शनचा अर्ज? मी परवा विचारलं तर एका ठिकाणी म्हणाले, आधार बदलून आणा, मग बघू. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, फसलीचा उतारा आम्हाला वाचता येत नाही, इंग्रजी तारखेचा कागद आणा.

---

वडाचीपार (18 जानेवारी, सकाळी 10:35)

मी असतो तर शाळेचा उतारा, मूळ पानाची साक्षांकित प्रत, उर्दूचं प्रमाणित भाषांतर आणि तारीख कशी काढली याचं एक पानी टिपण, असं सगळं आधी पेन्शनच्या अर्जाला लावलं असतं. लेखी उत्तर मागितलं असतं. नाही म्हणाले तर कारण लिहून देतील, मग आधार. पण उलट क्रमाने केलेलीही प्रकरणं मंजूर झालेली पाहिली आहेत. कुठला क्रम बरोबर असं छातीठोक सांगत नाही.

---

जुनी_लिपी (18 जानेवारी, सकाळी 11:10)

टिपणात मिळवाबेरीज नुसती लिहू नका, कारण लिहा. मी नमुना देतो, शब्द तुमचे घाला.

"सदर नोंद हैदराबाद संस्थानच्या शाळेची असून ‘फ’ म्हणजे फसली सन. या संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आजूर महिन्याने सुरू होत असे. 1347 फसली हे ऑक्टोबर 1937 ते ऑक्टोबर 1938. तीर हा आठवा महिना, म्हणजे मे-जून 1938. त्याच ओळीत दाखल तारीख अमरदाद 1354, म्हणजे जून-जुलै 1945, आणि त्या वेळचे वय शब्दांत ‘सात साल’ असे आहे."

शेवटच्या दोन गोष्टी मुद्दाम घाला. समोरच्या माणसाला फसली माहीत नसली तरी सात वर्षांची मुलगी शाळेत गेली हे त्याला समजतं.

---

परभणीकर (20 जानेवारी, रात्री 9:30)

शाळेत जाऊन आलो. पानाचा फोटो मिळाला. शब्दाच्या शेवटी शेपटी आहे असं मला वाटतं, माझ्या मुलाला नाही असं वाटतं. शेजारच्या ओळींत मात्र दै, तीर, आबान असेच महिने आहेत. आकड्यानंतर ठिपका आहे, पण तिथे कागदाला कीड लागलेली आहे आणि ठिपका शाईचा की भोक, ते कळत नाही. जुनी_लिपी, फोटो व्यक्तिगत निरोपात पाठवू का?

---

जुनी_लिपी (20 जानेवारी, रात्री 9:45)

पाठवा. पानाच्या मागच्या बाजूचाही पाठवा. भोक असेल तर त्याच जागी मागूनही दिसेल.